झूम बदलला की नेम का चुकतो?

टॉप-डाउन शूटर म्हणजे वरून दिसणारा नेमबाजीचा खेळ. त्यात माउस जिथे, तिथे गोळी जायला हवी. पण खेळ बनवणाऱ्याने कॅमेऱ्याला झूम जोडला की पुष्कळदा नेम भलतीकडेच जातो.

संगणक पॉइंटरची जागा पडद्याच्या पिक्सेलमध्ये सांगतो, तर खेळाडू, शत्रू आणि भिंती खेळाच्या जगातल्या अंतरांनी मांडलेल्या असतात. झूम 1 असेपर्यंत ही दोन मापं सारखीच पडतात. झूम 2 केला की जगातलं एक एकक पडद्यावर दोन पिक्सेल व्यापतं. म्हणून पॉइंटरचं पडद्याच्या मध्यापासूनचं अंतर आधी झूमने भागावं लागतं, मग ते कॅमेऱ्याच्या जागेत मिळवायचं:

```
target = camera_pos + (mouse - center) / zoom
```

हा भागाकार राहून गेला तरी चूक लगेच दिसत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. खेळाडू पडद्याच्या बरोबर मध्यावर असेल तर चुकीचा बिंदूही योग्य दिशेलाच पडतो, फक्त दुप्पट लांब. गोळी सरळ जात राहते, त्यामुळे सारं ठीक वाटतं. हातबॉम्ब फेकला तर मात्र तो पलीकडे पडतो.

कॅमेरा नकाशाच्या कडेला अडला की दिशाही बिघडते. पडदा 1280×720, झूम 2, कॅमेरा (320, 500) वर अडलेला आणि खेळाडू (200, 500) वर आहे, असं धरा. पडद्यावर तो (400, 360) वर दिसेल. पॉइंटर त्याच्या थेट वर, (400, 160) वर ठेवला, तर खरा बिंदू (200, 400) येतो. भागाकार विसरला तर (80, 300) येतो आणि गोळी सुमारे 31 अंश डावीकडे सुटते. म्हणूनच ‘भिंतीजवळ गेल्यावरच नेम चुकतो’ अशी तक्रार आली की मी आधी झूमचा हिशेब तपासेन, बंदुकीचा नाही.

गोडो इंजिनात हे गणित हाताने करायची गरज नाही. `get_global_mouse_position()` कॅमेऱ्याची जागा आणि झूम धरूनच जगातला बिंदू देतं. जुन्या धड्यांतली सूत्रं उचलताना मात्र जपायला हवं. गोडो 3 मध्ये झूमचा आकडा वाढवला की दृश्य दूर जायचं, गोडो 4 मध्ये ते जवळ येतं. त्यामुळे गुणाकार की भागाकार हेच उलटतं.

सूत्र बरोबर असूनही नेम चुकत असेल, तर बिंदू कधी काढला जातो ते पाहावं. तो फक्त माउस हलल्यावर काढून साठवला असेल, तर स्थिर माउसवर झूम बदलताच तो शिळा होतो. तो प्रत्येक फ्रेमला नव्याने काढावा.

तपासणीसाठी काढलेल्या बिंदूवर एक लाल फुली रंगवा. नकाशाच्या कोपऱ्यात जा, माउस न हलवता कळीने झूम बदला. फुली पॉइंटरखालून सरकली, तर चूक अजून तिथेच आहे.