एका ओळीतील तीन शब्द

तुळशीचे लग्न आटोपले की गोव्यात माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि ज्या घरात कार्य ठरले आहे त्या घरात मंगल कार्यालय, भटजी, आचारी यांच्यापाठोपाठ चौथा शोध सुरू होतो तो फोटोवाल्याचा. पूर्वी हा शोध फार दूर जात नसे. गावातला किंवा तालुक्याच्या बाजारपेठेतला एखादा स्टुडिओ ठरलेला असे, त्याने मोठ्या भावाच्या लग्नाचे फोटो काढलेले असत आणि तेवढी ओळख पुरेशी होई. आज नियोजित वधूवर हा शोध स्वतः घेतात, तोही हातातल्या फोनवर, आणि त्यांच्यापुढे येते ती व्यावसायिकाने आपल्या कामाला दिलेली एका ओळीची ओळख : ‘गोवा वेडिंग फोटोग्राफर, कँडिड, पूर्ण दिवस पॅकेज’. गाव, शैली आणि पॅकेज असे तीन शब्द. बहुतेक गैरसमज आणि बहुतेक भांडणे या तीन शब्दांच्या पोटात असतात, म्हणून त्यांचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे.

पहिला शब्द गावाचा. ‘गोवा’ हे शहराचे नाव नव्हे. ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या या राज्यात म्हापशाहून काणकोणला जायचे तर ऐंशी किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते आणि सकाळी सातला वधूच्या घरी पोचायचे असेल तर म्हापशाच्या माणसाला पहाटे पाचच्या आधीच निघावे लागते. मग आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय ‘गोवा’ या शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत. दिल्ली-मुंबईहून लग्न करण्यासाठी इकडे येणाऱ्यांच्या लेखी गोवा म्हणजे किनाऱ्यावरचे हॉटेल, मावळता सूर्य आणि वाळूत उभारलेला मंडप. आपल्या घरांतील लग्न मात्र बहुधा फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थानाच्या सभागृहात, नाहीतर मडगाव-म्हापशाच्या कार्यालयात होते. एका जागी उघडे आकाश आणि तिरपे ऊन. दुसऱ्या जागी छपराखालचा अंधुक उजेड, होमाचा धूर आणि हाताच्या अंतरावर दाटलेले आप्तेष्ट. पहिल्या कामात निष्णात असलेला माणूस दुसऱ्यात गोंधळतो, यात त्याचा दोष नसतो. पण निवडणाऱ्याला हा फरक ठाऊक असला पाहिजे.

म्हणून आमच्या मते ओळीत ‘गोवा’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘फोंडा व पणजी परिसर, देवस्थानातील विवाह’ असे लिहिणारा व्यावसायिक अधिक प्रामाणिक ठरतो. त्यात त्याचा व्यवहारही आहे. फोनच्या पडद्यावर अशी ओळ साधारण पन्नास-साठ अक्षरांपुढे कापली जाते, त्यामुळे पहिल्या अक्षरांत स्वतःच्या संस्थेचे भारदस्त नाव घालणाऱ्याचे गाव आणि काम दोन्ही वाचणाऱ्याच्या नजरेला पडतच नाहीत. संस्थेचे नाव शेवटी आले तरी बिघडत नाही. ते शोधत कोणी आलेला नसतो.

दुसरा शब्द शैलीचा, आणि खरी मेख येथे आहे. ‘पारंपरिक’ म्हणजे फोटोवाल्याने माणसे उभी करायची, नजर कॅमेऱ्याकडे वळवायची, हवा तर विधी क्षणभर थांबवायचा आणि मग फोटो घ्यायचा. ‘कँडिड’ म्हणजे कोणाला काही न सांगता, घडते आहे ते घडत असतानाच टिपायचे. तरुणांना दुसरी शैली आवडते आणि तिच्यात जिवंतपणा अधिक असतो हेही खरे. परंतु केवळ कँडिड ठरवून लग्न पार पडल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांची जी तक्रार येते ती ठरलेली असते : आजीसोबत वधूवरांचा एकही नीट फोटो नाही, मामांचे सारे कुटुंब एका चौकटीत कोठेच नाही. आजी कोपऱ्यात डोळे पुसते आहे असा सुंदर फोटो असतो, पण घरात भिंतीवर लावायला हवा असतो तो दुसराच. कुटुंबाचे एकत्र फोटो मांडणी केल्याशिवाय निघत नाहीत आणि मांडणी कँडिडमध्ये बसत नाही.

दोन्ही हवे असेल तर दोन माणसे लागतात, आणि हे अंतरपाटाच्या वेळी सर्वांत स्पष्ट होते. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि माळा घातल्या जातात. हे सारे मिनिटभरात उरकते आणि पुन्हा घडत नाही. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोन चेहरे समोरासमोर असतात. एक कॅमेरा एका वेळी त्यांतला एकच नीट टिपू शकतो. एकट्या फोटोवाल्याने वधू टिपली तर वराची पाठ मिळते. त्यातच हात उंचावून अक्षता टाकणारे पाहुणे मध्ये येतात. तेव्हा ओळीत ‘कँडिड व पारंपरिक’ असे लिहिले असेल तर माणसे किती, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर ‘एक’ असेल तर त्या दोन शब्दांतला एक खोटा आहे.

शैली खरी आहे की नाही हे ओळखायचे कसे? निवडक वीस फोटोंवरून ते कळत नाही. शंभर लग्ने केलेल्या कोणाकडेही वीस चांगले फोटो निघतात. एका लग्नाचा सबंध संच पाहायला मागावा, आणि तोही आपल्यासारख्याच सभागृहात, दिवसा झालेल्या लग्नाचा. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. होमाजवळ बसलेल्या वधूच्या चेहऱ्याचा रंग पाहावा. पिवळे दिवे, पांढरे दिवे आणि खिडकीतला उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर पडतो. ते सांभाळता येणे हे कसबाचे काम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे फोटोभर पसरलेले फिकट आडवे काळे पट्टे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे अनेक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो घेतला तर कॅमेऱ्याला जाणवते. जाणता माणूस अशा जागी शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर उतरतो आणि हात स्थिर ठेवतो. संचात जागोजागी पट्टे दिसले, तर या माणसाने सभागृहात फारसे काम केलेले नाही असे समजावे.

तिसरा शब्द पॅकेजचा. ‘पूर्ण दिवस’ या दोन शब्दांनी जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच कशाने केला असेल. एक उदाहरण घेऊ. वधू मडगावची, वर म्हापशाचा, लग्न फोंडा तालुक्यातील देवस्थानात, मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ म्हापशाला. सकाळी ७ वाजता मडगावात वधूचा साजशृंगार सुरू होतो. सव्वानऊला मंडळी देवस्थानी पोचतात, मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी उरकेपर्यंत दीड वाजतो, जेवणे आणि एकत्र फोटो होईतो तीन. संध्याकाळी ५ ला म्हापशात गृहप्रवेश, सातपासून दहापर्यंत स्वागत समारंभ.

आता समजा, एका व्यावसायिकाचे ‘पूर्ण दिवस’ पॅकेज ६०,००० रुपयांचे आहे. कागद वाचल्यावर कळते की त्याचा पूर्ण दिवस आठ तासांचा आहे. सकाळी सातला मोजणी सुरू झाली की दुपारी तीनला दिवस संपला. गृहप्रवेश आणि स्वागत समारंभ दोन्ही बाहेर राहिले. जादा तासाला ४,००० रुपये असतील आणि तास सलग मोजले जात असतील तर रात्री दहापर्यंत सात तास वाढतात, म्हणजे २८,००० रुपये. मधले दोन तास वगळून मोजले तर पाच तास, म्हणजे २०,००० रुपये. अल्बम वेगळा, त्याचे १८,००० धरा. एकूण खर्च १,०६,००० किंवा ९८,००० रुपये होतो. शेजारच्या दुसऱ्याची ओळ ‘पंधरा तास, दोन छायाचित्रकार, अल्बमसह’ अशी होती आणि आकडा ९५,००० होता. पहिल्या नजरेत तो महाग वाटला म्हणून सोडून दिला गेला. तासांचा आकडा ओळीतच असता तर ही चूक झाली नसती.

गोव्यात आणखी एक दिवस असतो, जो बाहेरच्या पॅकेजांत कधीच नसतो. येथे विवाहाची नागरी नोंदणी धार्मिक विधीहून वेगळी होते आणि निबंधकाच्या कार्यालयात वधूवरांना सह्यांसाठी जावे लागते. अनेक घरे या सह्यांनाही छोट्या समारंभाचे रूप देतात. त्या अर्ध्या दिवसाचे छायाचित्रण पॅकेजात धरले आहे काय, हे विचारून घ्यावे. नाहीतर ऐनवेळी भाच्याच्या फोनवर भागवावे लागते.

अल्बमच्या बाबतीत ‘चाळीस’ हा आकडा फसवा आहे. चाळीस पाने की चाळीस शीट? प्रचलित मोठ्या अल्बमची उघडलेली शीट १२ इंच बाय ३६ इंचांची असते आणि तिची दोन पाने होतात. एका शीटवर सरासरी पाच फोटो धरले तर चाळीस शीटांत दोनशे फोटो बसतात, चाळीस पानांत शंभरच. तीन-चार समारंभांना शंभर फोटो अपुरे पडतात आणि मग वाढीव शीटांचे पैसे निराळे आकारले जातात.

राहता राहिला मालकीचा प्रश्न. फोटो व्यावसायिकाने काढले म्हणून ते त्याचेच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायदा उलट सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील सतराव्या कलमानुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, ते काढून घेणाराच असतो. मात्र ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अनेक छापील करारांत बारीक अक्षरांत हा हक्क व्यावसायिकाकडे ठेवलेला असतो, आणि त्याच आधारावर आपल्या मुलीचा फोटो पुढच्या हंगामात त्याच्या जाहिरातीत झळकतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी ते कलम खोडून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मूळ फोटो कोणत्या तारखेपर्यंत हाती येतील तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.