जागा बदलली, पानं गळली

माझ्या मावसबहिणीने गेल्या जूनमध्ये घर बदललं. सामानाबरोबर तिचं पाच फुटी फिडल लीफ फिगही टेम्पोतून नव्या घरी आलं. जुन्या घरात ते पूर्वेच्या बाल्कनीच्या दाराशी असायचं. इथे मात्र सोफ्यामागच्या कोपऱ्यात, खिडकीपासून दहा फूट आत ठेवलं, कारण तिथे ते शोभत होतं. पंधरा दिवसांत तळाच्या पानांवर काळपट तपकिरी डाग आले आणि एकेक पान टपकन खाली पडू लागलं. झाडाला पाणी कमी पडतंय असं समजून तिने आठवड्यातून दोनदाचं पाणी तीनदा केलं. आणखी चार पानं गेली.

व्हायोलिनसारख्या पानांचं हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या दमट जंगलांतलं. आपल्या वड-पिंपळ-उंबराचंच हे भावंड. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. (हा चीक हाताला लागू देऊ नका, काहींच्या त्वचेची आग होते.) जागा बदलली की पानं टाकायची खोडही या कुळातल्या बऱ्याच झाडांना आहे. पान तयार होतं ते त्या जागच्या उजेडाच्या हिशेबाने. उजेड एकदम घटला की जुनी पानं झाडाला परवडेनाशी होतात. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर कमकुवत होतो आणि पान सुटतं. एवढंच असतं तर चार-पाच पानांवर भागलं असतं.

खरी गडबड पाण्याने होते. उजेड कमी म्हणजे झाडाचं पाणी पिणंही कमी. पूर्वी चार दिवसांत सुकणारी माती आता दहा दिवस ओली राहते आणि आपण मात्र जुन्याच वारांना पाणी घालत राहतो. त्यात पावसाळ्याची दमट हवा. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात, आणि कुजकी मुळं पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे भिजल्या मातीतलं झाड तहानलेल्यासारखं मलूल दिसतं. बहीण फसली ती इथेच.

डाग नीट पाहिले तर अंदाज येतो. खालच्या पानांवर गडद, कडेने किंवा मधूनच पसरत जाणारे डाग असतील तर बहुधा पाणी जास्त झालंय. कडा फिकट तपकिरी होऊन पापडासारख्या कुरकुरीत झाल्या आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर पाणी कमी पडतंय. खिडकीकडच्याच बाजूला फिकट, भाजल्यासारखा चट्टा असेल तर ते दुपारचं ऊन. पण पानापेक्षा मातीची साक्ष जास्त भरवशाची. चायनीज जेवणासोबत येणारी लाकडी काडी कुंडीत खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर पाणी नको.

बहिणीकडे काडी अख्खी ओली निघाली. शोभेची बाहेरची कुंडी उचलली, तर तिच्या तळाशी तीन बोटं पाणी, त्याला कुबट वास. झाड हळूच उपसून पाहिलं. वरची मुळं पांढरट आणि घट्ट होती. तळाची तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून येणारी. तेवढी स्वच्छ कात्रीने कापली. झाड त्याच कुंडीत परत लावलं, खाली नवीन मिश्रण घालून: दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट. पर्लाइट नसेल तर विटांचे बारीक तुकडे चालतात. मोठी कुंडी मुद्दाम घेतली नाही. जास्त माती म्हणजे जास्त ओल. मुळं धड असती तर हात लावायचीही गरज नव्हती, नुसती माती सुकू दिली असती तरी भागलं असतं.

मग झाड खिडकीपासून तीन फुटांवर आणलं. उजेड पुरतो का हे बघायला दुपारी पानावर फूटभर उंचीवर हात धरायचा. सावलीची कड स्पष्ट पडली तर ठीक. खत बंद. वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी, तेही तळातून निथळेपर्यंत, आणि निथळलेलं लगेच ओतून टाकायचं. सगळ्यात अवघड पथ्य म्हणजे झाड पुन्हा न हलवणं. रोज नवा कोपरा दाखवला तर ते रोज नव्याने जुळवून घेत बसतं.

त्यानंतरही तीन पानं पडली, कारण ती आधीच गेलेली होती. डाग पडलेला भाग परत हिरवा होत नाही, म्हणून जुन्या डागांकडे न बघता नवा डाग येतोय का, जुना वाढतोय का एवढंच पाहायचं. महिनाभराने डाग थांबले. सप्टेंबरात शेंड्याचं तपकिरी आवरण फुटून पोपटी पान बाहेर आलं. खालचं दीड फूट खोड मात्र उघडंच आहे. तिथे आपसूक पानं येत नाहीत. बहिणीने ते सोफ्याच्या पाठीआड लपवलंय.