आपल्या अर्ध्या तासाचे काय करावे?

यवतमाळच्या घरी सायंकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन व्हायचे आहे आणि शिकागोतल्या मुलाने त्याच वेळी फोनवर आरतीत सूर मिसळावा, अशी आईची इच्छा आहे. मुलानेच पाठवलेले ‘जगाची वेळ’ दाखवणारे घड्याळ वडिलांच्या मनगटावर आहे. तरीही वेळ हुकते! बिचाऱ्या घड्याळाचा यात दोष नाही; घोटाळा आहे आपल्या अर्ध्या तासाचा.

जिनेव्हाच्या लुई कॉतिए या घड्याळजीने 1931 च्या सुमारास ही युक्ती काढली. तबकडीभोवती शहरांच्या नावांचे कडे आणि त्याच्या आत 24 तासांचे दुसरे कडे. हे आतले कडे दिवसात एक उलटी फेरी मारते, म्हणून प्रत्येक शहरासमोर तिथला तास येतो. मिनिटकाटा मात्र साऱ्या जगाला मिळून एकच. जिथे फरक पूर्ण तासांचा, तिथे हे छान जमते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. अंशाला चार मिनिटे धरली, की ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे येते. जुन्या धर्तीच्या पुष्कळ कड्यांवर पाचासाठी कराची असते, सहासाठी ढाका असते, आणि आपण मधल्या फटीत!

यावर तोड सोपी आहे. ढाका बाराच्या जागी आणावे आणि काटे भारतीय वेळेवर, म्हणजे साडेसहावर लावावेत. ढाक्यासमोर आता 18 आणि 19 यांची मधली जागा आली पाहिजे. तिथे 6 आणि 7 दिसले, तर घड्याळाने सायंकाळची सकाळ केली असे समजावे आणि काटे आणखी बारा तास पुढे फिरवावेत. मग शिकागोसमोर पाहावे. तिथे पहाटेचे साडेसहा दिसतील. त्यात अर्धा तास मिळवला, की सात. बाकीच्या शहरांनाही हाच अर्धा तास मिळवायचा.

पण इथेच थांबू नये. अमेरिकेतली घड्याळे उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली असतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतली जातात. कड्याला याची गंधवार्ता नसते. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, तेव्हा आपल्या साडेसहाला शिकागोत सातच वाजले होते. 2022 साली ते 24 ऑक्टोबरला आले, तेव्हा मात्र आठ!

दुबईला निघालेल्या माणसाने चौथा, 24 तासांचा काटा असलेले घड्याळ घेतले, तरी अडचण तीच. हा काटा बहुधा तासातासाने उडी मारतो आणि दुबई आपल्या दीड तास मागे. तिथले नऊ लावून हा काटा दहावर ठेवावा आणि घरची वेळ वाचताना तीस मिनिटे मिळवावीत. आमचे मत विचाराल, तर एकाच पेटीत दोन स्वतंत्र यंत्रे आणि दोन किल्ल्या असलेले घड्याळ भारतीय प्रवाशाला अधिक सोयीचे. ते जरा जाडजूड असते खरे, पण त्यात घरचे साडेदहा म्हणजे साडेदहाच दिसतात.