शेवटचं वाक्य, पुढची एंट्री

नाटकात नटाला स्वतःच्या वाक्यांबरोबर समोरच्याची शेवटची वाक्यंही लक्षात ठेवावी लागतात. समोरच्याचं शेवटचं वाक्य पडलं की आपली एंट्री. त्या वाक्याला रंगभूमीवर सगळे ‘क्यू’ म्हणतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकवताना मला दरवर्षी हे आठवतं. तिघं मिळून प्रोजेक्ट सादर करतात, प्रत्येकाचा भाग चोख असतो आणि गाडी नेमकी सांध्यावर अडखळते. एक जण थांबतो, दुसरा लॅपटॉपकडे बघत राहतो, मग दोघं एकदम बोलायला लागतात.

यावर उपाय म्हणजे तिघांचा मिळून एक कागद, क्यू शीट. कोण, कोणत्या स्लाइड, घड्याळात किती वाजेपर्यंत आणि कोणत्या वाक्यावर सोडायचं, एवढंच त्यावर असतं. भाषण त्यावर लिहायचं नाही. ते लिहिलं की मुलं वाचायला लागतात.

एका गटाचा विषय होता मातीतला ओलावा बघून ठिबक सुरू-बंद करणारं यंत्र. वेळ 15 मिनिटं. पहिली विद्यार्थिनी प्रश्न मांडणार, दुसरा यंत्र समजावणार, तिसरी चाचणीचे निकाल सांगणार. पहिल्या तालमीत पहिलीने पिकाची पाण्याची गरज दोनदा समजावली आणि ती 3:30 ऐवजी 4:40 ला थांबली. दुसऱ्याला हे कळलंच नाही, कारण त्याच्या कागदावर ‘साडेपाच मिनिटं’ एवढंच होतं. त्याने ती पूर्ण घेतली, वर थोडी जास्तच. ज्या निकालांसाठी सगळा खटाटोप, ते तिसरीला धावत सांगावे लागले.

म्हणून कागदावर कालावधी लिहू नये, सुरुवातीपासून चालत आलेली वेळ लिहावी. त्यांचा सुधारलेला कागद असा झाला:

0:00 – पहिली – स्लाइड 1 ते 4
3:30 – दुसरा – स्लाइड 5 ते 9 (4:30 नंतर सुरुवात झाली तर 7 सोडणे)
9:00 – तिसरी – स्लाइड 10 ते 14
13:30 – समाप्त

उरलेलं दीड मिनिट मोकळं ठेवलं. माइक हातात देणं, परीक्षकांचा मध्येच आलेला प्रश्न, हे त्यातूनच जातं. कंसातली सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. काय गाळायचं हे व्यासपीठावर ठरवता येत नाही, तिथे सुचतच नाही. सातवी स्लाइड सर्किटच्या आकृतीची. ती गेली तरी गोष्ट तुटत नव्हती. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना 8 टाइप करून एंटर दाबलं की थेट आठवी स्लाइड येते.

स्लाइडचे आकडे मात्र फसवतात. रात्री कुणीतरी मध्येच एक स्लाइड घालतो आणि खालचे सगळे आकडे सरकतात. नको असलेली स्लाइड काढून टाकण्याऐवजी लपवली तर बाकीचे क्रमांक जागेवर राहतात. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात क्रमांक छापलेला हवा, आणि एका स्लाइडवर मुद्दे एकेक करून येणार असतील तर ‘6, तीन क्लिक’ असं लिहायला हवं. नाहीतर क्लिक करणाऱ्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. कागदात बदल एकानेच करायचा, वर तारीख आणि वेळ टाकायची, आणि शेवटच्या प्रती ठळक अक्षरात छापून घ्यायच्या. फोनचा पडदा नेमक्या वेळी काळा होतो.

आता सोडण्याचं वाक्य. ‘यापुढचं माझा मित्र सांगेल’ या वाक्यातून श्रोत्याला काहीच मिळत नाही. चांगलं वाक्य आपला मुद्दा मिटवतं आणि पुढच्याचा उघडतं. त्या मुलीने लिहिलं, ‘पाणी कधी द्यायचं हे माती सांगू शकते, पण तिला विचारायचं कसं?’ दुसऱ्याचं पहिलं वाक्य तयार होतं: ‘मातीत दोन सळ्या खोवायच्या. ओल वाढली की त्यांच्यातला विरोध कमी होतो.’ बाकी बोलणं कसंही वळलं तरी चालेल. ही दोन वाक्यं मात्र शब्दशः पाठ हवीत, आणि पहिल्या वाक्यातले शब्द आधी कुठे येता कामा नयेत. आले तर पुढचा चुकून आधीच उठतो.

तालमीत चौथा कुणीतरी हातात घड्याळ घेऊन ठरलेल्या वेळेशेजारी प्रत्यक्ष वेळ लिहितो. त्या गटाच्या तिसऱ्या तालमीत तिथे 3:40, 9:05 आणि 13:25 असे आकडे आले.

कागदाच्या तळाशी मी आणखी एक ओळ लिहायला लावते, प्रश्नांची. सळ्या ओलसर मातीत गंजतात, आणि परीक्षक ते विचारणारच. त्या गटाच्या कागदावर लिहिलं होतं: ‘गंज – दुसरा – स्लाइड 16’.