दुकानाचा गल्ला, बायकोचं खातं

किराणा दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड बायकोच्या बचत खात्याचा असतो, कारण कोड घ्यायच्या वेळी तेच खातं हाताशी होतं. रात्री गल्ल्यातली रोकडही तिथेच भरली जाते. आर्थिक वर्षात बचत खात्यातला रोख भरणा दहा लाखांवर गेला की बँक ते आयकर खात्याला कळवते. मग नोटीस येते ती बायकोच्या नावाने, कारण पॅन तिचा.

समजा, तिच्या खात्यात वर्षभरात 11 लाख 40 हजार रोख आणि 6 लाख 20 हजार यूपीआयने जमा झाले. एकूण 17 लाख 60 हजार. अधिकारी विचारतो, हे आले कुठून? समाधान झालं नाही, तर 1961 च्या कायद्याच्या कलम 69A खाली ही सगळी रक्कम तिचं उत्पन्न ठरू शकते. त्यावर अधिभार आणि उपकर धरून 78 टक्के, म्हणजे 13 लाख 72 हजार 800 रुपये कर. त्यातून खर्च वजा होत नाही.

इथे घाबरून बहुतेकांची पहिली चूक होते. 'माहेरून आले', 'घरखर्चातून साठवले' असं काहीतरी लिहून दिलं जातं. पुढे खरं सांगायला गेलं की आधीचं उत्तर आडवं येतं. पहिल्याच उत्तरात सरळ लिहावं, की पैसे पतीच्या दुकानाचे आहेत, खातं फक्त माझ्या नावावर आहे. सोबत पतीचं लेखी निवेदन, त्याचा पॅन आणि विवरणपत्राची प्रत जोडावी.

पण नवऱ्याच्या नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम भागत नाही. माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा खाते उताऱ्याच्या नावे बाजूला असतो. त्याच खात्यातून घाऊक व्यापाऱ्याला पैसे गेले असतील, तर ती बिलं शोधून नोंदीशेजारी लावावीत. जमेची बाजू रोजच्या विक्रीशी तारीखवार जुळवावी.

खरी कसोटी पतीच्या विवरणपत्रात लागते. त्याच्या चालू खात्यात 21 लाख आले आणि त्याने उलाढाल 38 लाख 60 हजार दाखवली असेल, तर बायकोच्या खात्यातले 17 लाख 60 हजार त्यातच आहेत हे बेरजेनेच दिसतं. कलम 44AD खाली विवरणपत्र भरणाऱ्याला हिशोबाच्या वह्या ठेवण्याचं बंधन नसतं, तरी ही बेरीज मांडावी लागतेच.

त्याने 21 लाखच दाखवले असतील, तर विक्री लपली हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. तरीही सगळी विक्री म्हणजे नफा नव्हे. 44AD च्या दराने रोखीवर 8 आणि यूपीआयवर 6 टक्के धरले, तर नफा 1 लाख 28 हजार 400 होतो. तेवढाच पतीच्या उत्पन्नात धरावा, अशी मागणी करता येते आणि अपिलात अनेक प्रकरणांत ती मान्य झाली आहे. मात्र त्यासाठीही पैसा दुकानाचाच होता हे बिलांनी आधी सिद्ध करावं लागतं.