परीक्षेतून माफी, पण हिंदीतून नव्हे

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेल्या माणसाला हिंदीच्या परीक्षा द्याव्या लागतात, हे आपण ऐकून असतो. पण त्या कोणाला द्याव्या लागतात, आणि माफी मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले, याचा उलगडा सहसा होत नाही. राज्य सरकारच्या नोकरांसाठी मराठीच्या परीक्षेचे नियम वेगळे आहेत. येथे विचार केंद्राच्या नोकरांचा.

27 एप्रिल 1960 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हे प्रशिक्षण सक्तीचे झाले. 1 जानेवारी 1961 रोजी ज्यांचे वय 45 च्या आत होते, त्यांना ते लागू झाले. मात्र ठरलेल्या मुदतीत पात्रता मिळवली नाही तर शिक्षा करू नये, असेही त्याच आदेशात म्हटले होते. परीक्षा तीन: प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ. पहिली प्राथमिक, दुसरी माध्यमिक शाळेच्या खालच्या इयत्तांच्या, आणि तिसरी मॅट्रिकच्या पातळीची.

आता समजा, पुण्यातील एका केंद्रीय कचेरीत तीन कारकून एकाच दिवशी रुजू झाले. पहिल्याने मॅट्रिकला हिंदी विषय घेतला होता. त्याला हिंदीचे कार्यसाधक ज्ञान आहे असे धरतात, आणि परीक्षा माफ होते. दुसरा मराठीभाषक आहे, पण हिंदी शिकलेला नाही. मराठी हिंदीला जवळची म्हणून तो प्रबोध गाळून थेट प्रवीणला बसतो आणि मग प्राज्ञला. तिसरा तमिळभाषक असल्याने तिन्ही पायऱ्या चढतो. एकेका पायरीचा अभ्यासक्रम पाच महिन्यांचा असतो. दुसरा व तिसरा प्राज्ञ उत्तीर्ण झाले की त्यांना एका वेतनवाढीइतके वैयक्तिक वेतन बारा महिने मिळते. पहिल्याला ते मिळत नाही, कारण त्याने परीक्षाच दिलेली नाही.

पण पहिल्याचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. 1976 च्या राजभाषा नियमांप्रमाणे (ते तमिळनाडूला लागू नाहीत) कार्यसाधक ज्ञान असलेल्या नोकराला हिंदी कागदाचे इंग्रजी भाषांतर मागता येत नाही. कागद कायद्याचा किंवा तांत्रिक असेल तरच सवलत. शिवाय कचेरीतील शेकडा 80 नोकरांना असे ज्ञान असले, तर सगळ्या कचेरीलाच ते आहे असे सामान्यतः मानतात. त्या मोजणीत परीक्षा माफ झालेला आणि परीक्षा उत्तीर्ण झालेला, दोघेही सारखेच धरले जातात.

याच नियमांत आणखी एक वाट आहे. मॅट्रिकला हिंदी नसली, तरी आपल्याला ती येते असे घोषणापत्र नोकर लिहून देऊ शकतो. परीक्षेचा त्रास चुकवण्यासाठी कोणी डोळे मिटून अशी सही केली, तर उद्या टेबलावर येणारा हिंदी कागद त्याला स्वतःच वाचावा लागतो. म्हणून ज्याची हिंदी कच्ची आहे, त्याने सही करण्याआधी एक हिंदी परिपत्रक हातात घेऊन ते आपल्याला नीट कळते का, एवढे पाहावे. नाहीच कळले, तर प्रवीणच्या वर्गात बसलेले बरे. तेथे शिकताही येते आणि प्राज्ञ झाल्यावर पगारातही थोडी भर पडते.