दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे कुणाचे?

मार्च महिन्याच्या 30 तारखेला संध्याकाळी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपच्या खात्यात 2,78,900 रुपये जमा झाले. दोन भावांची भागीदारी, काम सीएनसी मशीनवरच्या जॉबवर्कचं. त्यांचे हिशेब मी लिहितो. थोरल्याचं म्हणणं सरळ होतं, "अहो, पैसे आले ना? मग कुणाचे का असेनात!" धाकटा मात्र येणी बाकीची यादी घेऊन बसला होता. यादीत अकरा गिऱ्हाइकं, आणि 2,78,900 चं बिल एकाचंही नाही.

मार्चअखेरीला हे हमखास होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं 45 दिवसांत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत चुकवलं नाही, तर मोठ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात पैसे धो धो येतात. सांगायला मात्र कुणी फोन करत नाही.

पहिली चूक इथेच होते. आकडा जवळपास जुळतो म्हणून रक्कम कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या नावावर टाकली जाते. मग ज्याने पैसे दिले त्यालाच तगादा जातो आणि ज्याने दिले नाहीत तो गालातल्या गालात हसतो. मी ती रक्कम आधी सस्पेन्स खात्यात ठेवली. विक्रीत नाही, कुणाच्या नावावरही नाही.

मग बँकेचं स्टेटमेंट उघडलं. नोंदीत NEFT हा शब्द, पुढे सोळा अक्षरांचा यूटीआर क्रमांक आणि शेवटी पाठवणाऱ्याचं नाव, तेही मध्येच तुटलेलं. हा यूटीआर बराच बोलतो. प्रचलित रचनेत पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची असतात, तीच जी आयएफएससी कोडच्या सुरुवातीला दिसतात. पुढे एक अक्षर, मग वर्षाचे दोन आकडे आणि वर्षातला कितवा दिवस याचे तीन आकडे. आमच्या क्रमांकात तिथे 089 होतं, म्हणजे 30 मार्च. सगळ्याच बँका ही रचना तंतोतंत पाळत नाहीत, त्यामुळे हा पुरावा न मानता धागा मानावा. नेमकी माहिती आपल्या शाखेकडे असते. एनईएफटीच्या संदेशाबरोबर पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याची शाखा आणि त्याने लिहिलेला शेरा असं सगळं येतं. स्टेटमेंटच्या ओळीत ते मावत नाही, इतकंच. नोंदवलेल्या ईमेलवरून यूटीआर, तारीख आणि रक्कम लिहून विचारलं की शाखा निदान नाव आणि शेरा तरी सांगते. खाते क्रमांक द्यायला ती का-कू करते आणि त्यात गैर काही नाही.

शाखेने पूर्ण नाव कळवलं. दोघाही भावांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं! याचं कारण साधं आहे. कारखान्याच्या गेटवर एक नाव असतं आणि बँकेत कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही जीएसटी क्रमांक टाकला की Legal Name of Business आणि Trade Name ही दोन्ही नावं दिसतात. आम्ही अकराही गिऱ्हाइकांचे क्रमांक एकेक करून तपासले. सातव्याला नाव सापडलं. चाकणची कंपनी, पाटीवर वेगळं नाव.

गिऱ्हाईक कळलं, पण बिल कुठलं? त्यांच्याकडे पाच बिलं थकलेली. पाच बिलांतून एक किंवा अधिक बिलं 31 प्रकारे निवडता येतात, आणि सरळ बेरीज करून एकही प्रकार जुळत नव्हता. जुळणारच नाही, कारण कंपनी पूर्ण बिल कधीच देत नाही. जॉबवर्कवर भागीदारी संस्थेला पैसे देताना ती 2 टक्के टीडीएस कापते. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर हा टीडीएस फक्त मूळ रकमेवर लागतो. म्हणजे मूळ रक्कम 100 धरली, तर जीएसटीसह बिल 118 चं आणि हातात 116. एकट्याच्या मालकीचा धंदा असता तर कपात 1 टक्का असती आणि हातात 117 पडले असते.

म्हणून थकलेल्या प्रत्येक बिलाची मूळ रक्कम 1.16 ने गुणली. सर्वांत जुनं बिल 1,80,000 चं होतं, त्याचे 2,08,800 झाले. दुसरं 64,500 चं, त्याचे 74,820. दोन्ही मिळून 2,83,620. जमा रकमेपेक्षा 4,720 जास्त.

इथे बरेच जण "किरकोळ फरक" म्हणून तो खर्चात टाकून मोकळे होतात. मला ते कधीच पटलेलं नाही, कारण उरलेल्या फरकालाही बहुधा कारण असतं. 4,720 ला 1.18 ने भागलं, तर बरोबर 4,000 आले. एवढा गोल आकडा आला की समजावं, जीएसटीसकट कसलीतरी कपात झाली आहे. धाकट्याला लगेच आठवलं. जानेवारीत त्यांचे 16 शाफ्ट रिजेक्ट होऊन परत आले होते, जॉबवर्कचा दर नगाला 250 रुपये. कंपनीने परस्पर डेबिट नोट टाकली होती. मात्र त्यातला 720 रुपयांचा जीएसटी स्वतःच्या देण्यातून कमी करायचा, तर क्रेडिट नोट आपणच काढावी लागते. ती काढलेली नव्हती.

तरीही गणित जुळलं म्हणून मी नोंद पक्की केली नाही. कंपनीच्या अकाउंट्स विभागाला फोन लावला, पण रक्कम आपण सांगितली नाही. "30 मार्चला आम्हाला काही पाठवलंत का? यूटीआर आणि बिलांचे नंबर द्या," एवढंच विचारलं. समोरून आलेली सोळाच्या सोळा अक्षरं आमच्याशी जुळली, बिलंही तीच निघाली. मग सस्पेन्समधून रक्कम काढून दोन्ही बिलांपुढे लावली आणि टीडीएसचे 4,890 रुपये वेगळ्या खात्यात येणं म्हणून दाखवले. कंपनीने तिमाही विवरण भरलं की ते 26एएस मध्ये दिसतात.

रक्कम कुठल्याच बिलाची नसती, कामाची आगाऊ उचल असती, तर मामला निराळा होता. जॉबवर्क ही सेवा आहे आणि सेवेच्या आगाऊ रकमेवर पैसे मिळाल्याबरोबर जीएसटी लागतो. वस्तूंच्या विक्रीत तसं नाही. त्यामुळे अशी रक्कम सस्पेन्समध्ये महिनोन्महिने पडू देणं महागात पडतं.

आणि खरोखरच परक्याची असेल तर? एनईएफटीत पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतं का ते पाहिलं जात नाही. त्यामुळे एक आकडा चुकला की पैसे भलतीकडे. ते ठेवून घेता येत नाहीत. चुकून मिळालेली रक्कम परत करावी, असं 1872 च्या करार कायद्याचं कलम 72 सांगतं. पण "चुकून आले, या नंबरवर परत पाठवा" असा फोन आला, तर त्या नंबरवर रुपयाही पाठवू नका. फसवणुकीचा पैसा फिरवायची ही जुनी युक्ती आहे आणि पोलिसांच्या सांगण्यावरून गोठतं ते तुमचं खातं. बँकेला लेखी कळवा आणि रक्कम बँकेमार्फत, आली त्याच खात्यात जाऊ द्या.

या प्रकरणात इतका खटाटोप का करावा लागला, तेही त्याच फोनवर कळलं. बिलं, टीडीएस, डेबिट नोट असा सगळा तपशील असलेली पेमेंट अ‍ॅडव्हाइस कंपनीने 30 तारखेलाच पाठवली होती. ती गेली दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या ईमेलवर. तुमच्या प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या व्हेंडर मास्टरमध्ये तुमचा कोणता ईमेल आहे, ते याच आठवड्यात विचारून घ्या.